प्रॉक्टरच्या ग्राफला दोन शेंडे आलेत. ओएमसी कुठलं धरू?

तिसरं_वर्ष_सिव्हिल

नमस्कार. कॉम्पॅक्शनचं प्रॅक्टिकल झालं. ओएमसी काढायचं होतं, म्हणजे किती टक्के पाण्याला माती ठोकून सगळ्यात घट्ट बसते ते. साधी प्रॉक्टर टेस्ट होती: १००० सीसीचा मोल्ड, २.६ किलोचा रॅमर, ३१० मिमीवरून सोडायचा, तीन थर, प्रत्येक थराला २५ ठोके. माती गाळयुक्त चिकणमाती, कणांचं विशिष्ट गुरुत्व २.६७ (हे आधीच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्हीच काढलं होतं).

मोल्डमधल्या ओल्या मातीचं वजन आणि ओव्हनमधून काढलेलं पाण्याचं प्रमाण असं आलं:

पहिलं: १.८७ किलो, ९.८ टक्के
दुसरं: १.९८ किलो, १२.१ टक्के
तिसरं: २.०७ किलो, १४.० टक्के
चौथं: २.१० किलो, १६.२ टक्के
पाचवं: २.१५ किलो, १८.३ टक्के

ओल्या घनतेला (१ + पाणी) ने भागून कोरडी घनता काढली: १.७०३, १.७६६, १.८१६, १.८०७ आणि १.८१७ ग्रॅम प्रति सीसी. म्हणजे ग्राफ चढतो, थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. पुस्तकातली टेकडी एकच असते. माझा पार्टनर म्हणतो, सगळ्यात मोठा आकडा शेवटचा आहे, तर ओएमसी १८.३ लिही आणि मोकळा हो. मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगताही येत नाहीये.

दुसरी शंका याच्याही मुळाशी आहे. मोल्डमध्ये हवा असते. पाणी घातलं की हवेची जागा पाणी घेतं. पाणी हवेपेक्षा जड, मग जास्त पाण्याने घनता कमी का व्हावी?

भराववाला

पाणी म्हणजे वंगण. थोडं घातलं की कण एकमेकांवरून सरकतात आणि घट्ट बसतात. जास्त झालं की पाणीच जागा खातं. एवढंच आहे ते. शेवटचं रीडिंग सोडून दे, १४ लिही.

हिरवा_कोपरा

आमच्या बागेतही हाच त्रास! माती इतकी दबली आहे की पाणी जिरतच नाही, वर थारोळं साचतं. किती टक्के पाणी घातलं तर ती पुन्हा मोकळी होईल?

तिसरं_वर्ष_सिव्हिल

@भराववाला दादा, सोडून कशाच्या आधारावर देऊ? व्हायव्हात विचारलं तर "नको असलेलं होतं म्हणून सोडलं" असं नाही ना सांगता येणार.

मृदा_सांगाती

रीडिंग न आवडणं हे ते सोडण्याचं कारण होऊ शकत नाही, हे तू बरोबर ओळखलंस. पण ते *अशक्य* आहे असं दाखवता आलं तर सोडायलाच हवं. इथे ते दाखवता येतं.

घनता क्षणभर विसर. मोल्ड १००० सीसीचा आहे आणि त्यात तिघेच राहतात: मातीचे कण, पाणी आणि हवा. प्रत्येकाला किती जागा मिळाली ते मोजू.

तिसरं रीडिंग घे. कोरडी माती १८१६ ग्रॅम. तिला २.६७ ने भागलं की कणांचं घनफळ ६८० सीसी. पाणी २०७० वजा १८१६, म्हणजे २५४ ग्रॅम, म्हणजेच २५४ सीसी. बेरीज ९३४. उरलेली ६६ सीसी हवा.

आता पाचवं. कोरडी माती १८१७ ग्रॅम, कण ६८१ सीसी. पाणी २१५० वजा १८१७, म्हणजे ३३३ सीसी. बेरीज १०१४.

हजार सीसीच्या भांड्यात १०१४ सीसी माल, आणि हवा उणे १४! हे निसर्गात होत नाही. हवा पूर्ण शून्य झाली असती तरी १८.३ टक्के पाण्याला या मातीची कोरडी घनता १.७९ च्या वर जाऊच शकत नाही. पुस्तकात 'झिरो एअर व्हॉइड्स'ची तिरकी रेषा काढायला सांगतात ती यासाठी. ती शोभेची रेषा नाही, ते कुंपण आहे. तुझा कुठलाही बिंदू तिच्या उजवीकडे गेला, तर चूक मातीची नाही, मोजणीची आहे.

म्हणजे पार्टनरचं १८.३ बाद. चूक कुठे झाली ते मात्र तुम्हालाच शोधावं लागेल. रिकामा मोल्ड कधी तोलला होता? कॉलर काढल्यावर माती काठाशी सपाट कापली होती का? ओलाव्याचा नमुना मोल्डच्या मधून घेतला की ट्रेमधल्या उरलेल्या मातीतून?

लॅबतली_ताई

सांगातींच्या प्रश्नांत माझी भर. पाचही रीडिंगला तीच माती फोडून पुन्हा वापरली होती का? आमच्याकडे मुलं वेळ वाचवायला तसं करतात. मऊ कणांची माती असेल तर ठोक्यांनी कण फुटतात आणि पुढची रीडिंग वेगळ्याच मातीची होतात. चिकणमातीत दुसराही त्रास: दबून चिकटलेले गोळे नीट फुटत नाहीत आणि नव्याने घातलेलं पाणी आत शिरत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूला ताजी माती. चिकणमाती असेल तर पाणी कालवून रात्रभर झाकून ठेवायची आणि सकाळी ठोकायची.

गणिती_राघू

दोन शेंड्यांचे ग्राफ खरे असतात हं. काही मातींना येतात, वाचलं आहे. थेट चूक म्हणणं घाईचं वाटतं.

मृदा_सांगाती

@गणिती_राघू, येतात, मान्य. लिक्विड लिमिट फार कमी किंवा फार जास्त असलेल्या काही मातींत वेडेवाकडे आणि दोन शेंड्यांचे ग्राफ नोंदले गेले आहेत. पण तिथेही दोन्ही शेंडे कुंपणाच्या आतच असतात. मी रीडिंग नाकारलं ते दुसरा शेंडा आला म्हणून नाही, बेरीज हजाराच्या वर गेली म्हणून.

@हिरवा_कोपरा, तुमचा प्रश्न या धाग्याच्या अगदी उलट आहे. आम्हाला पोकळी घालवायची आहे, तुम्हाला हवी आहे. फक्त पाणी घालून दबलेली माती मोकळी होत नाही. ती खणून, सेंद्रिय खत मिसळून करावी लागते. पण इथली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: माती ओलसर असताना तिच्यावर चालू नका आणि ढकलगाडीही नेऊ नका. आम्ही जो ओलावा मुद्दाम शोधतो, त्याच्या आसपास असलेली माती पायाखाली सर्वांत जास्त दबते.

हिरवा_कोपरा

अरे देवा, मी रोज पाणी घालून लगेच वाफ्यात उतरते. आजपासून बंद.

तिसरं_वर्ष_सिव्हिल

चूक सापडली!! रिकामा मोल्ड बेसप्लेटसकट सकाळी एकदाच तोलला होता. आज जाऊन पाहिलं तर बेसप्लेटच्या खालच्या बाजूला चिखलाचा थर वाळून बसलेला. खरवडून तोलला, ९० ग्रॅम भरला. चौथ्या आणि पाचव्या रीडिंगच्या मधे आम्ही मोल्ड ओल्या ट्रेमध्ये ठेवला होता, तेव्हाच लागला असणार. म्हणजे पाचवं वजन २.१५ नाही, २.०६ किलो. कोरडी घनता १.७४१. आता टेकडी एकच आहे.

ताई, माती प्रत्येक वेळी ताजी होती, पण रात्रभर नाही ठेवली, अर्धा तासच ठेवली.

सांगातींच्या पद्धतीने पाचही रीडिंगमधली हवा काढली: १९५, १२५, ६६, ३० आणि २९ सीसी. शेवटचे दोन आकडे जवळपास सारखे. पुन्हा काही चुकलं का?

मृदा_सांगाती

काही चुकलेलं नाही. तुझ्या दुसऱ्या शंकेचं उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे.

पहिल्यापासून बघ. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना पाणी ४० ग्रॅम वाढलं आणि कोरडी माती ५० ग्रॅम वाढली. दोघांनाही जागा मिळाली, कारण हवा ५९ सीसीने हटली. तिसऱ्याकडून चौथ्याकडे पाणी ३९ ग्रॅम वाढलं आणि माती ९ ग्रॅम *कमी* झाली. एकूण वजन वाढलंच, म्हणून नुसता तराजू बघणारा फसतो. चौथ्याकडून पाचव्याकडे पाणी २६ सीसी वाढलं, पण हवा फक्त १ सीसी हटली. मग पाण्याला जागा दिली कोणी? कणांनी. ६७७ वरून ६५२ सीसीवर आले. माती मोल्डबाहेर राहिली.

तू म्हणालास, पाणी हवेची जागा घेतं. चढावर ते खरं आहे. शेंड्यापलीकडे हवा जागा सोडतच नाही, कारण तोपर्यंत तिच्या बाहेर जायच्या वाटा पाण्याने बंद झालेल्या असतात. उरते ती पाण्याने वेढलेल्या सुट्या बुडबुड्यांच्या रूपात. रॅमरचा ठोका क्षणभराचा असतो, तेवढ्यात बुडबुडा दबतो आणि पुन्हा फुलतो. पाणी दबत नाही आणि इतक्या बारीक मातीतून त्या क्षणात बाहेरही पडत नाही. ठोक्याचा बराचसा भार पाण्यावरच जातो, कणांपर्यंत पोचत नाही.

हे हाताला आणि कानालाही कळतं. शेंड्याच्या अलीकडे ठोका टणक वाजतो. पलीकडे रॅमर आत रुततो, त्याच्या कडेने माती वर येते आणि आवाज पचकन येतो. पाचव्या रीडिंगला असंच झालं होतं ना?

तिसरं_वर्ष_सिव्हिल

हो! शेवटच्या वेळी रॅमरला माती चिकटून वर येत होती. आम्ही हसत होतो. ते रीडिंगच होतं हे कळलं नाही.

भराववाला

म्हणजे माझं वंगण बरोबरच निघालं की.

मृदा_सांगाती

अर्धं. जास्त पाणी जागा खातं हे तुमचं बरोबर. वंगणाचा शब्द मात्र जुना आहे. रॅल्फ प्रॉक्टरने १९३३ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हाच्या स्पष्टीकरणांतही तो होता. पण क्वार्ट्झच्या स्वच्छ पृष्ठभागांमध्ये पाणी आलं तर घर्षण कमी होत नाही, उलट थोडं वाढतं. मग चढावर पाणी काय करतं? कमी ओल्या चिकणमातीत पाणी कणांच्या सांध्यांत ताणलेलं असतं आणि कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. म्हणून कोरडसर ढेकूळ फुटत नाही. ठोका बसला तरी ढेकळं जशीच्या तशी राहतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्याही. पाणी वाढवलं की तो ताण सैल होतो, ढेकूळ नरम पडून चेपतं आणि पोकळी भरून निघते. कण घसरत नाहीत, ढेकूळ शरण येतं.

भराववाला

हे पटलं. साइटवर कोरड्या भरावात ढेकळं दिसतात तशीच राहतात, रोलर कितीही फिरवा.

आता माझा अनुभव ऐका, कारण पोरांना लॅबचं सगळं येतं आणि साइटवर गोंधळ होतो. एका रस्त्याच्या भरावात सँड रिप्लेसमेंट केली. खड्ड्यातून माती निघाली २.३७ किलो, खड्डा भरायला वाळू लागली १.७२ किलो. वाळूची घनता १.४५, म्हणजे खड्डा ११८६ सीसीचा. ओली घनता १.९९८. पाणी १२.५ टक्के, म्हणून कोरडी १.७७६. लॅबची एमडीडी, म्हणजे ग्राफच्या शेंड्यावरची कोरडी घनता, १.८२५ होती. भागाकार ९७.३ टक्के. मागणी ९५ ची होती, थर पास. आम्ही खूश.

पहिल्या मोठ्या पावसानंतर तोच पट्टा खाली बसला. कंत्राटदार म्हणे माती खराब, सल्लागार म्हणे रोलिंग कमी. कागदावर तर ९७ होते! आजही मला नीट उत्तर मिळालेलं नाही.

तिसरं_वर्ष_सिव्हिल

दादा, तुमचे आकडे माझ्या ग्राफला किती जवळ आहेत. १.७७६ ला माझ्या ग्राफवर आडवी रेषा मारली तर ती दोनदा कापते. एकदा साडेबाराच्या जवळ, एकदा साडेसतराच्या आसपास. तुमची डावीकडची होती.

मृदा_सांगाती

शाब्बास, मला हेच लिहायचं होतं. एकच कोरडी घनता, पण दोन वेगळ्या माती. डावीकडची कोरडसर ठोकलेली. तिच्यात ढेकळांमधल्या पोकळ्या शिल्लक, ढेकळं आतल्या ताणाने ताठ. कोरडी असेपर्यंत भक्कम, दाबून बघाल तर उजवीकडचीपेक्षा मजबूत. पण पावसाचं पाणी आत शिरलं की ताण जातो, ढेकळं नरमतात आणि माथ्यावरच्या भाराने बसतात. फुगणाऱ्या चिकणमातीत उलटं होतं, तहानलेली असल्याने ती फुगते.

उजवीकडची ओलसर ठोकलेली माती मऊ, पण एकसंध. तिच्यातून पाणी खूप कमी झिरपतं. घनता सारखी असूनही झिरप दहापट, कधी त्याहून जास्त कमी असू शकते. म्हणून मातीच्या धरणाचा चिकणमातीचा गाभा बहुधा ओएमसीपेक्षा थोडा ओला ठेवून दाबतात. तिथे ताकदीपेक्षा पाणी अडणं आणि तडा न जाता वाकणं महत्त्वाचं असतं.

तुमच्या पट्ट्याबद्दल खात्रीने सांगणार नाही, मी तो पाहिलेला नाही. पण ९५ टक्क्यांबरोबर पाण्याचीही हद्द घातली होती का?

भराववाला

नव्हती. फक्त ९५ लिहिलं होतं. टँकर उशिरा यायचा म्हणून थर कोरडेच दाबले जायचे, पास होण्यासाठी रोलरच्या फेऱ्या वाढवायचो. आता जाणवतंय.

गणिती_राघू

इथे मला असहमती नोंदवायची आहे. फेऱ्या वाढवल्या म्हणजे ऊर्जा वाढवली. ऊर्जा वाढली की ओएमसी डावीकडे सरकतं. मॉडिफाइड प्रॉक्टरमध्ये ४.९ किलोचा रॅमर, ४५० मिमी उंची, पाच थर. हिशेब केला तर साध्या चाचणीत दर घनमीटरला साधारण ५९० किलोज्यूल, मॉडिफाइडमध्ये २७०० च्या आसपास. साडेचार पट. म्हणजे दादांच्या जड रोलरसाठी १२.५ हेच कदाचित ओएमसी असेल. मग त्याला कोरडी बाजू का म्हणायचं?

मृदा_सांगाती

मुद्दा चांगला आहे, आणि ओएमसी हा मातीचा कायमचा गुण नाही हे त्यातून नीट कळतं. तो माती आणि ऊर्जा या जोडीचा आकडा आहे. पण जड रोलरचं ओएमसी खरंच १२.५ असतं, तर त्या पाण्याला घनताही वाढलेली दिसली असती, १.९ च्या आसपास. दादांना १.७७६ मिळाली. त्यात हवा किती? विशिष्ट गुरुत्व २.६७ धरलं तर कण ६६५, पाणी २२२, हवा ११३ सीसी दर हजारी. शेंड्यावर हवा साधारण चाळीस-पन्नास असते. म्हणजे पोकळ्या उघड्या होत्या.

गणिती_राघू

विशिष्ट गुरुत्व तुम्ही धरलंय, मोजलेलं नाही. दादांची माती तीच होती कशावरून? आणि फेऱ्या वाढवल्या तरी थर जाड असेल तर ऊर्जा तळाशी पोचत नाही. मला कारण थराच्या जाडीत दिसतं.

भराववाला

थर ३०० मिमी सैल टाकायचो. खड्डा वरच्या दीडशेतच खणायचो...

लॅबतली_ताई

मग खालच्या अर्ध्याची घनता कोणी बघितलीच नाही. पाणी कमी की थर जाड, हे आता इथे बसून ठरणार नाही. दोन्हीही असू शकतं.

वाळूचा_किल्ला

एक विचारू? आमच्याकडे जोत्यातला भराव पाणी सोडून बसवतात. दोन दिवस पाणी भरून ठेवायचं, झालं. मग हे ओएमसी वगैरे कशाला?

लॅबतली_ताई

भराव वाळूचा असेल तर त्यात अर्थ आहे. वाळूचा ग्राफ असा टेकडीसारखा येत नाही. चार-पाच टक्के ओलाव्याला पाण्याचा ताण कणांना धरून ठेवतो आणि वाळू फुगून बसते, म्हणजे घनता सर्वांत कमी. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण भिजलेली वाळू जास्त चांगली बसते. तरी नुसतं भिजवून फार घट्ट होत नाही, प्लेट व्हायब्रेटर फिरवावा लागतो, आणि पाण्याला निघून जायला वाट हवी. चिकणमाती असेल तर पाणी भरून ठेवणं म्हणजे तिला टेकडीच्या पार उजवीकडे नेऊन सोडणं. चिखल वाळला की तडे आणि फरशी पोकळ. आधी मातीचा प्रकार बघा.

तिसरं_वर्ष_सिव्हिल

आज ताईंच्या सांगण्याप्रमाणे माती रात्रभर ठेवून एक जास्तीचा बिंदू घेतला. १४ आणि १६.२ च्या मधली जागा रिकामी होती ना. पाणी १५.१ टक्के आलं, ओलं वजन २.१० किलो (यावेळी मोल्ड आधी पुसून, पुन्हा तोलून). कोरडी घनता १.८२५. कण ६८३, पाणी २७५, हवा ४२. रांगेत बसलं: ६६, ४२, ३०, २९.

गंमत म्हणजे १५.१ आणि १६.२ ला ओलं वजन एकसारखंच, २.१० किलो, पण कोरडी माती १८ ग्रॅम वेगळी. वहीत ओएमसी १५, एमडीडी १.८२५ लिहिलं. पाचवं रीडिंग खोडलं नाही, शेजारी कारण लिहून दुरुस्त केलं.

लॅबतली_ताई

छान केलंस. एकच लक्षात ठेव, बाकीचे बिंदू अर्धा तास मुरलेल्या मातीचे आणि हा रात्रभर मुरलेल्या. काटेकोरपणे ही एकच मालिका नाही. वहीत तेही लिही.

तिसरं_वर्ष_सिव्हिल

लिहितो. जमलं तर १४ चा बिंदू पण रात्रभर ठेवून पुन्हा करतो, फरक किती पडतो बघू.

भराववाला

पडला तर इथे टाक रे. आणि राघू, त्या पट्ट्याच्या खालच्या दीडशेचा नमुना काढायची परवानगी मागितली आहे. मिळाली तर ओलावा आणि घनता दोन्ही मोजून सांगतो.